ड्रॉइंगच्या संगणकाची निवड : कोअर किती, यापेक्षा एक कोअर किती वेगवान?

छत्रपती संभाजीनगर : वाळूज, चिकलठाणा आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींमध्ये मोठ्या कारखान्यांच्या सावलीत साचे, जिग-फिक्स्चर आणि सुटे भाग यांचे आरेखन करणारी अनेक छोटी कार्यालये उभी राहिली आहेत. १९८५ मध्ये वाळूज येथे बजाज ऑटोचा आणि २००१ मध्ये शेंद्रा येथे स्कोडाचा कारखाना सुरू झाल्यानंतर या कामाला शहरात बळ मिळाले. चिकलठाणा येथील इंडो-जर्मन टूल रूममधून साचेनिर्मितीचे शिक्षण घेतलेले तरुण या कार्यालयांतून काम करताना दिसतात. ड्रॉइंग बोर्ड केव्हाच अडगळीत गेले असून त्यांची जागा ऑटोकॅड, सॉलिडवर्क्स, एनएक्स, कॅटिया अशा सॉफ्टवेअरनी घेतली आहे.

अशा कार्यालयांपुढे सध्या एक प्रश्न उभा आहे. मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ला दिला जाणारा सर्वसाधारण आधार थांबविला. २०१७ च्या सुमारास घेतलेले बहुतेक संगणक विंडोज ११ च्या अधिकृत यादीत बसत नाहीत. त्यामुळे चांगल्या चालणाऱ्या यंत्रांचीही बदली करण्याची वेळ आली आहे. पुन्हा पाच-सहा वर्षे ज्यावर काम करावयाचे, ते यंत्र एकदाच्या भांडवलातून घ्यावे लागते आणि निवड चुकली तर ती चूक रोज, प्रत्येक बदलाच्या वेळी जाणवत राहते.

उदाहरणादाखल वाळूजमधील साच्यांचे आरेखन करणाऱ्या एका कल्पित कार्यालयाचा विचार करू. दुचाकीच्या प्लॅस्टिकच्या भागांसाठी साचे तयार करण्याचे काम तेथे सॉलिडवर्क्सवर चालते. सध्याचा संगणक कोअर आय ५-७५०० या प्रोसेसरचा असून त्यात १६ जीबी मेमरी आहे. नव्या यंत्रासाठी दोन दरपत्रके आली आहेत. पहिल्यात मोठ्या कंपनीने वापरून काढलेले, नूतनीकरण केलेले वर्कस्टेशन आहे. त्यात १४ कोअरचे दोन झिऑन ई५-२६८० व्ही४ प्रोसेसर, म्हणजे एकूण २८ कोअर, आणि १२८ जीबी मेमरी आहे. दुसऱ्यात नवे यंत्र असून त्यात कोअर आय ५-१४५०० हा प्रोसेसर, ३२ जीबी मेमरी आणि एनव्हिडियाचे आरटीएक्स ए१००० हे व्यावसायिक ग्राफिक्स कार्ड आहे. दोन्हींची किंमत जवळपास सारखी आहे असे समजू. कागदावर पाहता पहिले यंत्र दुप्पट मोठे वाटते. प्रत्यक्षात ते सध्याच्या जुन्या संगणकापेक्षाही या कामात मागे पडण्याची शक्यता आहे. हे कसे, ते समजून घेणे हाच या निवडीचा गाभा होय.

घन प्रतिकृती कशी उभी राहते?

सॉलिडवर्क्ससारख्या सॉफ्टवेअरमध्ये तयार केलेला भाग हा केवळ एक आकार म्हणून साठविला जात नाही. तो कोणत्या क्रमाने तयार झाला, याची पायरीवार नोंद त्याबरोबर ठेवली जाते. प्रथम एक ठोकळा, त्यावर खाच, त्या खाचेच्या कडेला फिलेट, मग भोके, मग त्या भोकांची पुनरावृत्ती अशी ही साखळी असते. डाव्या बाजूला दिसणारा ‘फीचर ट्री’ म्हणजे हीच नोंद.

ग्राहकाने सायंकाळी निरोप पाठविला की, भागाच्या बाजूच्या भिंतीचा ड्राफ्ट एक अंशाऐवजी दीड अंश करावा. आरेखक एक आकडा बदलतो. त्यानंतर सॉफ्टवेअरला त्या पायरीपासून पुढच्या साऱ्या पायऱ्या पुन्हा मोजाव्या लागतात. भिंत बदलली की तिच्या कडेचे फिलेट बदलते. फिलेट बदलले की साचा जेथे उघडतो ती रेषा सरकते. ती सरकली की साच्याचे दोन्ही मुख्य भाग, सरकते भाग आणि शेवटी कागदावर काढावयाचे ड्रॉइंग असे सर्वच नव्याने तयार होते. या पुनर्गणनेलाच ‘रिबिल्ड’ म्हणतात.

या साखळीत पुढची पायरी मागच्या पायरीच्या उत्तरावर अवलंबून असते. पाया भरल्याशिवाय भिंत उभी राहत नाही आणि भिंतीशिवाय स्लॅब पडत नाही; गवंडी एकाऐवजी दहा आणले तरी हा क्रम बदलता येत नाही. प्रोसेसरचे कोअर हे असेच गवंडी होत. रिबिल्डचा मोठा हिस्सा एकाच कोअरवर चालतो आणि उरलेले कोअर त्या वेळी जवळजवळ रिकामे बसतात. ऑटोकॅडमधील द्विमितीय ड्रॉइंगचे कामही बव्हंशी असेच एकाच कोअरवर चालते.

अर्थात सर्वच काम एका कोअरवर होत नाही. परस्परांवर अवलंबून नसलेले सुटे भाग उघडणे किंवा ड्रॉइंगमधील निरनिराळी दृश्ये तयार करणे अशा काही कामांची वाटणी होऊ शकते. परंतु वाटून होणारे काम थोडे असेल तर कोअर वाढवून होणारा लाभही थोडाच राहतो. हा नियम जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये मांडला आणि तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

दोन दरपत्रकांचा हिशेब

आता हाच नियम वरील दोन दरपत्रकांना लावून पाहू. सध्याच्या संगणकावर कार्यालयातील सर्वांत जड साच्याच्या पूर्ण रिबिल्डला ८० सेकंद लागतात आणि त्यातील ७२ सेकंदांचे काम एकाच कोअरवर चालते, असे गृहीत धरू. उरलेल्या ८ सेकंदांचे काम चार कोअरमध्ये वाटले जाते.

सध्याच्या आय ५-७५०० चा कमाल वेग ३.८ गिगाहर्ट्झ आहे. झिऑन ई५-२६८० व्ही४ हा २०१६ मधील प्रोसेसर असून त्याचा एका कोअरचा कमाल वेग ३.३ गिगाहर्ट्झ आहे. म्हणजे एका कोअरवर चालणारे ७२ सेकंदांचे काम तेथे सुमारे ८३ सेकंद घेईल. वाटून होणारे ८ सेकंदांचे काम मात्र २८ कोअरमुळे एक-दीड सेकंदात आटोपेल. एकूण वेळ सुमारे ८४ सेकंद. नवे म्हणून घेतलेले यंत्र जुन्यापेक्षा चार सेकंदांनी मंद!

आय ५-१४५०० चा कमाल वेग ५ गिगाहर्ट्झ आहे. तेथे ७२ सेकंदांचे काम सुमारे ५५ सेकंदांत होईल आणि वाटून होणाऱ्या कामाला दोन-तीन सेकंद लागतील. एकूण वेळ सुमारे ५८ सेकंद. हा हिशेब केवळ गिगाहर्ट्झच्या आकड्यांवर केला आहे. नव्या पिढीचा कोअर प्रत्येक ठोक्यात जुन्या कोअरपेक्षा अधिक काम उरकतो, त्यामुळे प्रत्यक्षातील वेळ याहून कमी भरण्याची अपेक्षा आहे. म्हणूनच निरनिराळ्या पिढ्यांच्या प्रोसेसरची तुलना केवळ गिगाहर्ट्झवरून करू नये. पासमार्क किंवा सिनेबेंच यांसारख्या चाचण्यांमधील ‘सिंगल थ्रेड’ वा ‘सिंगल कोअर’ या रकान्यातील गुण पाहावेत. एकूण गुण पाहू नयेत, कारण एकूण गुणांत सर्व कोअरची बेरीज असते आणि ती येथे निरुपयोगी ठरते.

दिवसाला असे ४० रिबिल्ड होत असतील तर प्रत्येकी २२ सेकंदांच्या बचतीने सुमारे १५ मिनिटे वाचतात. हा आकडा फार मोठा नाही, हेही येथे ध्यानात घ्यावयास हवे. परंतु दर वेळी थांबून पडद्याकडे पाहत बसावे लागते, तेव्हा विचारांची साखळी तुटते, आणि बदल करून पाहण्याचाच कंटाळा येऊ लागतो. बदल अपुरे तपासले गेले तर त्याची किंमत पुढे पोलादावर मोजावी लागते.

पहिल्या दरपत्रकातील आणखी एक उणीव आकड्यांत दिसत नाही. विंडोज ११ च्या अधिकृत यादीत झिऑन ई५ व्ही४ ही मालिका नाही. ज्या कारणासाठी संगणक बदलावयाचा, तेच कारण नव्या यंत्रातही शिल्लक राहते.

कोअरच्या संख्येबाबत आणखी एक खुलासा आवश्यक आहे. इंटेलच्या २०२१ पासूनच्या अनेक प्रोसेसरमध्ये दोन प्रकारचे कोअर असतात. आय ५-१४५०० चे १४ कोअर म्हणजे सहा वेगवान आणि आठ कमी विजेवर चालणारे, तुलनेने मंद कोअर. रिबिल्डचे काम त्या सहांपैकी एकावर चालते. तेव्हा दरपत्रकात ‘१४ कोअर’ किंवा ‘२० कोअर’ एवढेच लिहिलेले असेल, तर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून मागावा.

खरेदीपूर्वी मोजमाप

वरील उदाहरणातील ८० आणि ७२ हे आकडे गृहीत धरलेले आहेत. प्रत्येक कार्यालयाने ते आपल्या कामावरून स्वतः मोजावेत. त्यासाठी वेगळे साधन लागत नाही.

कार्यालयातील सर्वांत जड असे खरे काम निवडावे आणि त्याच्या फायली सर्व्हरवरून त्याच संगणकाच्या डिस्कवर उतरवून घ्याव्यात. अन्यथा नेटवर्कचा विलंब हिशेबात मिसळतो. संगणक नव्याने सुरू करून ते काम उघडावे. सॉलिडवर्क्समध्ये Ctrl+B ही कळ केवळ बदललेल्या पायऱ्या मोजते, तर Ctrl+Q ही कळ सर्वच पायऱ्या पुन्हा मोजावयास लावते. मोजमापासाठी Ctrl+Q वापरावी, घड्याळ लावून तीन वेळा वेळ मोजावी आणि मधला आकडा धरावा.

त्याच वेळी विंडोजमधील Task Manager उघडून Performance या पानावर लक्ष ठेवावे. येथे एक गंमत पुष्कळांची दिशाभूल करते. एकूण वापर केवळ ६ टक्के दिसतो आणि प्रोसेसर निवांत आहे, असा समज होतो. परंतु आठ कोअर आणि १६ थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण क्षमतेने राबत असेल, तर तो एकूण वापराचा सोळावा भाग, म्हणजे ६.२५ टक्केच दिसणार. चार थ्रेडच्या आय ५-७५०० वर हाच आकडा २५ टक्के दिसतो. आलेखावर उजवी कळ दाबून Logical processors हा पर्याय घेतल्यास प्रत्येक थ्रेडचा स्वतंत्र आलेख दिसतो. विंडोज हे काम अधूनमधून एका कोअरवरून दुसऱ्यावर हलविते, त्यामुळे एकच आलेख सतत भरलेला दिसेल असे नाही. एकूण आकडा एका थ्रेडच्या हिश्श्याभोवती स्थिर आहे काय, हे पाहावे. तसा तो असेल तर अधिक कोअरवर केलेला खर्च वाया जाईल, हे निश्चित समजावे.

यानंतरची पायरी फुकटची असून सर्वाधिक उपयोगाची आहे. सॉलिडवर्क्सच्या Evaluate या पट्टीवर Performance Evaluation नावाचे साधन आहे. एखाद्या भागातील कोणत्या पायरीला किती वेळ लागला, याची उतरती यादी ते देते. स्क्रूचे आटे प्रत्यक्ष कोरून दाखविणे, शेकडो भोकांची पुनरावृत्ती, अवघड पृष्ठभागांवरील फिलेट अशा मोजक्या पायऱ्या बहुतांश वेळ खाताना आढळतात. समजा, आपल्या उदाहरणातील ८० सेकंदांपैकी २० सेकंद केवळ कोरलेल्या आट्यांना लागत आहेत. ते आटे साच्याच्या ड्रॉइंगमध्ये नुसत्या खुणेने दाखविले तरी चालतात. तेवढा बदल केला की जुन्याच संगणकावर ८० चे ६० सेकंद होतात. नव्या यंत्रावरील हिशेबही त्यानंतरच करावा. वाईट रचलेली साखळी वेगवान प्रोसेसरलाही रखडविते.

प्रमाणित ग्राफिक्स म्हणजे काय?

ग्राफिक्स कार्डाबाबत बाजारात दोन टोकांची मते ऐकू येतात. खेळांसाठीचे कार्ड कमी पैशांत अधिक शक्ती देते, तेव्हा तेच घ्यावे, हे एक मत; आणि कार्ड जितके महाग तितका संगणक वेगवान, हे दुसरे. आरेखनाच्या कामात दोन्ही अपुरी ठरतात.

रिबिल्डची गणना ग्राफिक्स कार्ड करीत नाही. ते काम प्रोसेसरचे. तयार झालेला आकार पडद्यावर दाखविणे आणि तो फिरविताना अडखळू न देणे, एवढे कार्डाचे काम असते. खेळांमध्ये रंगवलेले पृष्ठभाग भराभर दाखवावे लागतात. आरेखनात हजारो बारीक कडा, छेद, पारदर्शक भाग आणि स्केचच्या रेषा अचूक दाखवाव्या लागतात आणि माऊसच्या टोकाखालची नेमकी कड निवडता यावी लागते. या कामासाठी कार्डाच्या ताकदीपेक्षा त्याचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड आणि सॉफ्टवेअर यांच्यातील दुभाष्या, निर्दोष असणे महत्त्वाचे असते.

एनव्हिडियाची पूर्वी क्वाड्रो नावाने ओळखली जाणारी आणि आता आरटीएक्स ए वगैरे नावांनी मिळणारी कार्डे, तसेच एएमडीची रेडिऑन प्रो ही कार्डे या कामासाठी असतात. सॉफ्टवेअर कंपन्या त्यांची चाचणी घेऊन यादी प्रसिद्ध करतात. मात्र हे प्रमाणपत्र केवळ कार्डाला दिलेले नसते. कार्ड, ड्रायव्हरची विशिष्ट आवृत्ती, सॉफ्टवेअरची आवृत्ती आणि विंडोजची आवृत्ती या चौघांच्या जोडणीला ते दिलेले असते. त्यामुळे प्रमाणित कार्ड घेऊनही विंडोज अपडेटने ड्रायव्हर परस्पर बदलला तर प्रमाणित जोडणी मोडते. सॉलिडवर्क्सच्या संकेतस्थळावर हार्डवेअर प्रमाणनाच्या पानावर आपल्या आवृत्तीसाठी कोणता ड्रायव्हर आहे ते पाहून तोच बसवावा.

दोष ग्राफिक्सचा आहे काय, हे ओळखण्याच्या खुणा ठरलेल्या आहेत. प्रतिकृती फिरविताना कडा लुकलुकतात किंवा नाहीशा होतात, छेद घेतल्यावर आतील भाग चुकीचा दिसतो, एका पृष्ठावर क्लिक केले असता दुसरेच निवडले जाते, RealView ची कळ फिकट राहते, किंवा सॉफ्टवेअर काही न सांगता बंद पडते. अशा वेळी सर्व फायली बंद करून System Options मधील Performance या पानावर Use software OpenGL या चौकोनात खूण करावी. यामुळे चित्रण कार्डाऐवजी प्रोसेसर करू लागतो आणि काम मंदावते. परंतु दोष नाहीसा झाला तर तो कार्डाचा किंवा ड्रायव्हरचा होता, हे सिद्ध होते. तरीही दोष तसाच राहिला तर तो अन्यत्र शोधावा. तपासणीनंतर खूण काढून टाकावी. हा चौकोन आपोआपच भरलेला आढळला तर सॉफ्टवेअरने कार्ड स्वीकारलेले नाही, असे समजावे.

खेळांच्या कार्डावर सॉलिडवर्क्स चालतच नाही, असे मात्र नाही. ते बहुधा चालते. फरक पडतो तो अडचण आल्यावर. तक्रार नोंदविली की प्रमाणित ड्रायव्हर आहे काय, हा प्रश्न प्रथम येतो आणि उत्तर नकारार्थी असेल तर पुढची चौकशी तेथेच थांबू शकते. साचा पाठविण्याची तारीख तोंडावर आलेली असताना हा फरक लहान राहत नाही.

आपल्या उदाहरणातील आरटीएक्स ए१००० या कार्डात ८ जीबी मेमरी आहे. काही शे भागांच्या साच्याला ती पुरेशी ठरावी. याहून महाग कार्ड घेतल्यास भाग सुबकपणे फिरण्यात लाभ होईलच असे नाही, कारण पुष्कळ सुटे भाग असलेल्या जुळणीत प्रत्येक भाग दाखविण्याची आज्ञा प्रोसेसरच कार्डाला देत असतो आणि पुन्हा तोच एक कोअर आड येतो. Task Manager मध्ये भाग फिरविताना GPU चा आलेख अर्ध्यावरही जात नसेल, तर कार्ड बदलून उपयोग नाही.

मेमरी : पुरेशी की पुष्कळ?

मेमरीच्या बाबतीत दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा धसका अजूनही पुष्कळांच्या मनात आहे. त्या काळी ३२ बिट विंडोजवर एका सॉफ्टवेअरला साधारणतः २ जीबीच मेमरी मिळत असे आणि मोठी जुळणी उघडताना ते कोसळत असे. सॉलिडवर्क्सने २०१५ च्या आवृत्तीपासून ३२ बिटचा आधारच काढून टाकला आणि ती मर्यादा संपली. आता प्रश्न उरला आहे तो केवळ बसविलेली मेमरी कामाला पुरते की नाही, एवढाच.

ती पुरत नसेल तर विंडोज काही माहिती डिस्कवर हलविते आणि लागेल तेव्हा परत आणते. डिस्क कितीही वेगवान असली तरी ती मेमरीच्या मानाने फारच मंद असते, त्यामुळे संगणक एकाएकी जड होतो. मात्र एकदा मेमरी पुरेशी झाली की तिच्यापुढची भर रिकामी पडून राहते. गोदामात माल ठेवण्यास जागा आहे, म्हणून कारखान्याचे उत्पादन वाढत नाही.

किती मेमरी लागते हे मोजण्यासाठी नेहमीच्या कामाचा सर्वांत गर्दीचा प्रसंग उभा करावा : साच्याची जुळणी, तिचे ड्रॉइंग, ग्राहकाने पाठविलेली मूळ फाईल, यंत्राचा मार्ग आखणारे कॅम सॉफ्टवेअर, ई-मेल आणि ब्राउझर हे सर्व एकाच वेळी उघडे ठेवावे. मग Task Manager च्या Memory या पानावरील Committed हा आकडा पाहावा. त्याच्या दीडपट मेमरी हे सोयीचे प्रमाण होय. आपल्या उदाहरणात हा आकडा २१ जीबी भरला असे समजू. १६ जीबीचा जुना संगणक म्हणूनच अडखळत होता. २१ ची दीडपट ३१.५ होते, म्हणजे ३२ जीबी पुरेत. पहिल्या दरपत्रकातील १२८ जीबीपैकी सुमारे १०० जीबी कधी वापरातच येणार नव्हती.

ही ३२ जीबी १६ जीबीच्या दोन पट्ट्यांत घ्यावी. एकच पट्टी असेल तर प्रोसेसरला मेमरीकडे जाण्याचे दोनऐवजी एकच द्वार मिळते. चारही खाचा भरल्या तर डीडीआर ५ प्रकारच्या मेमरीचा वेग सर्वसाधारण मदरबोर्डवर खाली आणावा लागतो. त्यामुळे काम वाढण्याची चिन्हे असतील तर प्रारंभीच ३२ जीबीच्या दोन पट्ट्या घेणे, नंतर भर घालण्यापेक्षा श्रेयस्कर ठरते.

उन्हाळा, धूळ आणि जोडणीतील चुका

प्रोसेसरचा ५ गिगाहर्ट्झ हा वेग त्याला पुरेशी थंड हवा मिळाली तरच टिकतो. संभाजीनगरात एप्रिल-मे महिन्यांत तापमान ४० अंशांच्या पुढे जाते आणि आरेखनाची खोली पुष्कळदा यंत्रशाळेला लागून असते. तेलकट धूळ पंख्याच्या पात्यांवर आणि त्याखालील पट्ट्यांत साचली की प्रोसेसर तापतो आणि स्वतःला वाचविण्यासाठी वेग कमी करतो. पंधरा मिनिटे लागोपाठ रिबिल्ड करून Task Manager मधील Speed हा आकडा पाहावा. प्रारंभी ४.८ दिसणारा आकडा पुढे ३.५ वर येऊन स्थिरावत असेल, तर विकत घेतलेला वेग हातात पडत नाही, असा त्याचा अर्थ. म्हणून टेबलाच्या कप्प्यात मावणाऱ्या चपट्या संगणकापेक्षा मोठ्या पंख्याचा उभा टॉवर घ्यावा आणि दर दोन-तीन महिन्यांनी तो हवेच्या झोताने साफ करावा.

नवे यंत्र आल्यावर पहिल्याच दिवशी चार गोष्टी तपासाव्यात. मॉनिटरची तार मदरबोर्डला न जोडता ग्राफिक्स कार्डालाच जोडलेली असावी. ही चूक वरवर दिसत नाही आणि विकत घेतलेले कार्ड वर्षानुवर्षे निष्क्रिय राहू शकते. मेमरीच्या दोन पट्ट्या मदरबोर्डच्या पुस्तिकेत सांगितलेल्या खाचांतच असाव्यात. ड्रायव्हर प्रमाणित आवृत्तीचाच असावा. आणि मदरबोर्डचे बायोस अद्ययावत असावे. इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीतील काही डेस्कटॉप प्रोसेसर वाजवीपेक्षा अधिक व्होल्टेज मागून अस्थिर होत असल्याचे २०२४ मध्ये कंपनीने मान्य केले आणि त्यावरील सुधारणा बायोसमार्फतच दिली. या पिढ्यांतील वापरलेला, विशेषतः अधिक क्षमतेचा प्रोसेसर घेताना ही बाब आवर्जून विचारावी.

हा हिशेब कोठे लागू पडत नाही?

भागावर भार देऊन ताण तपासणे, साच्यात वितळलेले प्लॅस्टिक कसे वाहते याचे गणित करणे किंवा छायाचित्रासारखे रेंडरिंग करणे ही कामे अनेक कोअरमध्ये चांगली वाटली जातात. कार्यालयाचा निम्मा दिवस अशा गणनेत जात असेल तर अधिक कोअर आणि अधिक मेमरी यांचा खर्च सार्थकी लागतो. रात्रभर चालणाऱ्या गणनेसाठी चुका स्वतः दुरुस्त करणारी ईसीसी मेमरीही घ्यावी. तथापि महिन्यातून एक-दोनदाच अशी गणना होत असेल, तर ती रात्री लावून ठेवावी आणि यंत्र मात्र दिवसभराच्या आरेखनासाठी निवडावे.

दरपत्रक मागविताना प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक, मेमरीच्या पट्ट्यांची संख्या, कार्डाचे पूर्ण नाव व त्यावरील मेमरी, आणि दुरुस्ती जागेवर येऊन होणार की यंत्र पाठवावे लागणार, हे लेखी घ्यावे. शक्य असेल तर आपले जड काम घेऊन विक्रेत्याकडे जावे आणि त्याच्या यंत्रावर सॉफ्टवेअरची चाचणी आवृत्ती चालवून Ctrl+Q ची वेळ मोजावी. कार्यालयातील ८० सेकंदांशेजारी तेथील आकडा लिहिला की दोन दरपत्रकांतील निवड करण्यासाठी जाहिरातीतील कोअरची संख्या पाहण्याचे कारण उरत नाही.